इराणी कंपनीच्या नोंदणी उताऱ्याचं खोटं भाषांतर: व्यापाऱ्यांनो, सावध राहा

वाशीच्या मार्केटात आमचा खजुराचा धंदा आहे. मजाफती खजुरासाठी एका इराणी कंपनीला आम्ही आगाऊ रक्कम दिली आणि माल आलाच नाही. मध्यस्थाने कंपनीचा फारसी नोंदणी उतारा आणि सोबत नोटरीचा शिक्का मारलेलं इंग्रजी भाषांतर दिलं होतं. पुढे फारसी शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांनी दोन्ही कागद समोरासमोर ठेवून वाचले, तेव्हा सगळा डाव उघड झाला.

मूळ उताऱ्यात कंपनीचा प्रकार ‘सहामी खास’ होता, म्हणजे मोजक्या भागधारकांची खाजगी कंपनी. भाषांतरात तिची ‘पब्लिक जॉइंट स्टॉक कंपनी’ झाली. फारसीत अशा पब्लिक कंपनीला ‘सहामी आम’ म्हणतात आणि तिचे शेअर जनतेला विकता येतात.

भांडवलात तर कमालच केली होती. मूळ आकडा शंभर कोटी रियालचा. त्यातले ३५ टक्के बँकेत भरलेले आणि बाकीचे भागधारकांनी ‘तअह्हुद’ केलेले, म्हणजे नुसते कबूल केलेले. खाजगी भागभांडवली कंपनी काढताना इराणी कायद्याला किमान एवढीच रोख लागते, त्यामुळे त्यात वावगं काही नाही. भाषांतरात मात्र ‘पेड-अप कॅपिटल शंभर कोटी तोमान’ असं लिहिलं होतं. एक तोमान म्हणजे दहा रियाल. प्रत्यक्षात भरलेले साडेतीन कोटी तोमान आम्हाला शंभर कोटी म्हणून दाखवले गेले.

खरा घाव सहीच्या कलमात होता. तिथे दोन वेगळी वाक्यं आहेत. चेक, करार असे कंपनीला बांधून टाकणारे कागद ‘मुदीरे आमिल’ (व्यवस्थापकीय संचालक) आणि संचालक मंडळाचे अध्यक्ष या दोघांच्या सह्यांनी, ‘मुत्तफिकन’ म्हणजे मिळून, आणि कंपनीच्या मोहरेसह वैध. साधी कार्यालयीन पत्रं एकट्या मुदीरे आमिलच्या सहीने. भाषांतरकाराने पहिलं वाक्य गाळलं आणि दुसऱ्यातली ‘साधी पत्रं’ काढून ‘सर्व कागदपत्रं’ घातलं. आमच्या करारावर एकट्याचीच सही होती. आता अध्यक्ष म्हणतात, हा करार आमच्या कंपनीचा नाहीच. मध्यस्थाविरुद्ध आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे.

नोटरीचा शिक्का पाहून निश्चिंत होऊ नका. तो भाषांतर करणाऱ्याच्या सहीपुरता असतो, मजकूर बरोबर असल्याची हमी त्यात नसते. इराणच्या न्यायसंस्थेने परवाना दिलेल्या ‘मुतर्जिमे रस्मी’कडूनच, म्हणजे अधिकृत भाषांतरकाराकडूनच, भाषांतर मागा. कंपनीचा अकरा आकडी ‘शिनासे मिल्ली’, म्हणजे राष्ट्रीय ओळख क्रमांक, घेऊन सरकारी राजपत्राच्या rrk.ir वर सगळ्यात ताजी ‘आगहीये तग्यीरात’, म्हणजे बदलांची जाहिरात, शोधायला लावा. भागभांडवली कंपनीत संचालकांची मुदत जास्तीत जास्त दोन वर्षांची असते, त्यामुळे जुन्या उताऱ्यावरचा माणूस आज त्या पदावर असेलच असं नाही. सहीचं कलम तर मध्यस्थाशी संबंध नसलेल्या फारसी जाणकाराकडून शब्द न् शब्द वाचून घ्या, आणि तेही पैसे पाठवण्याआधी.