‘ए’, ‘ॲन’, ‘द’ की काहीच नाही?

नात्यातल्या एका मुलीचा एम.ए.चा प्रकल्प अहवाल तपासायला माझ्याकडे आला होता. इंग्रजी चांगलं होतं, शब्दांची निवडही नेमकी होती. तरी पहिल्याच परिच्छेदात मी पाच ठिकाणी पेन्सिल टेकवली, आणि पाचही खुणा आर्टिकलच्याच होत्या. वाक्यं अशी होती:

‘सर्व्हे वॉज कंडक्टेड इन द मराठवाडा. क्वेश्चनेअर वॉज गिव्हन टू सिक्स्टी फार्मर्स. फार्मर्स आन्सर्ड क्वेश्चनेअर इन मराठी.’

हेच मराठीत वाचा: ‘सर्वेक्षण केलं. साठ शेतकऱ्यांना प्रश्नावली दिली. शेतकऱ्यांनी प्रश्नावली मराठीत भरली.’ कुठेही अडखळायला होत नाही. आपल्याकडे नामाच्या आधी काही लावायची सक्ती नाही, म्हणून वाटतं की मराठीला हा भेदच माहीत नाही. पण भेद आहे, फक्त तो दुसऱ्या जागी बसतो. ‘टेबलावर पुस्तक आहे’ आणि ‘पुस्तक टेबलावर आहे’ ही दोन वाक्यं एकच गोष्ट सांगत नाहीत. पहिल्यात पुस्तक नव्यानं कळतं, दुसऱ्यात कुठलं पुस्तक ते आधीच ठाऊक आहे. ‘मी नोकर शोधतोय’ म्हणजे कोणीतरी मिळायला हवा, आणि ‘मी नोकराला शोधतोय’ म्हणजे आपला ठरलेला माणूस कुठे गेला ते बघतोय. आपण शब्दांच्या क्रमातून आणि ‘ला’मधून जे सांगतो, तेच इंग्रजी ‘ए’ आणि ‘द’मधून सांगतं.

म्हणून निवड करताना नामाजवळ थांबून एकच विचारा: वाचक इथे ‘कोणता?’ असं विचारेल का? त्याला उत्तर आधीच माहीत असेल तर ‘द’. माहीत नसेल आणि मोजता येणारी एकच वस्तू असेल तर ‘ए’. माहीत नसेल आणि नाम अनेकवचनी किंवा न मोजता येणारं असेल तर काहीच नाही. बरेच शिक्षक ‘तो, ती, ते लावून बघा’ अशी युक्ती सांगतात. ती बहुतेक वेळा चालते, पण ‘गावात गेलो, सरपंच भेटले’ इथे फसते. आपण ‘ते सरपंच भेटले’ म्हणत नाही, तरी इंग्रजीत ‘द सरपंच’च हवं, कारण गावाला सरपंच एकच आणि गाव कुठलं ते कळलेलं आहे. ‘कोणता?’ हा प्रश्न मला जास्त भरवशाचा वाटतो.

आता त्या मुलीची वाक्यं. कोणतं सर्वेक्षण? वाचकाला अजून माहीत नाही, म्हणून ‘ए सर्व्हे’. कोणती प्रश्नावली? तीही नवी, ‘ए क्वेश्चनेअर’. साठ शेतकरी पहिल्यांदाच येतायत आणि अनेकवचनी आहेत, तिथे काहीच नको. तिसऱ्या वाक्यात मात्र शेतकरी तेच आणि प्रश्नावलीही तीच: ‘द फार्मर्स आन्सर्ड द क्वेश्चनेअर इन मराठी.’ मराठवाडा हे विशेषनाम, त्याआधीचा ‘द’ काढून टाकला. ‘मराठवाडा रीजन’ असं लिहिलं असतं तर ‘द’ ठेवावा लागला असता, कारण मग मुख्य शब्द ‘रीजन’ होतो. विद्यापीठांच्या नावांतही असंच दिसतं: ‘द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई’, पण ‘मुंबई युनिव्हर्सिटी’ला काही नाही.

‘ए’ की ‘ॲन’ यात फार वेळ घालवू नका. शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘ए’. अवर, ऑनेस्ट, एफआयआर, एमएलए यांना ‘ॲन’. युनिव्हर्सिटी, युरोपियन, वन-डे यांना ‘ए’. ही सोय आपल्याला आपल्या लिपीनं दिली आहे. एखादा शब्द मात्र दगा देतो. वर्षाला आपल्यापैकी बरेच जण ‘इयर’ म्हणतात आणि मग ‘ॲन इयर’ लिहून जातात. मूळ उच्चारात सुरुवातीला ‘य’ आहे, म्हणून ‘ए’च बरोबर.

‘ए’ की काहीच नाही, इथे अडचण वेगळी आहे. आपण ‘एक सल्ला देतो’, ‘दोन सल्ले दिले’ असं सहज म्हणतो, पण इंग्रजीत ‘ॲडव्हाइस’ मोजता येत नाही. ‘इन्फर्मेशन’, ‘इक्विपमेंट’, ‘एव्हिडन्स’, ‘फर्निचर’ यांचंही तसंच. औपचारिक लेखनात ‘रिसर्च’लाही ‘ए’ लावू नये. एकच दाखवायचं असेल तर ‘ए स्टडी’ किंवा ‘ए पीस ऑफ ॲडव्हाइस’ म्हणावं.

अर्जांत एक चूक मला सतत दिसते: ‘आय ॲम द मेंबर ऑफ द कमिटी.’ पुढे ‘ऑफ’ आला की आधी ‘द’ लावायचा, असं कुठेतरी डोक्यात बसलेलं असतं. पण या वाक्याचा अर्थ होतो की समितीत सदस्य एकच आणि तो मी. सदस्य अनेक असतात, म्हणून ‘ए मेंबर’. अध्यक्ष एकच, म्हणून ‘द चेअरपर्सन ऑफ द कमिटी’. ‘ऑफ’ बघून ठरवू नका, तसे किती आहेत ते बघा.

सगळ्यात जास्त विचार लागतो तो ‘द’ की काहीच नाही यात. आर्टिकल गाळायची सवय सुटली की आपण उलट्या टोकाला जातो आणि ‘द वॉटर स्कार्सिटी इज ए सीरियस प्रॉब्लेम’ असं लिहितो. पाणीटंचाई एकूणच गंभीर आहे असं म्हणायचं असेल तर नुसतं ‘वॉटर स्कार्सिटी’. 2016 मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या टंचाईबद्दल बोलत असाल तर ‘द’. दोन्ही वाक्यं व्याकरणात बसतात, फक्त त्यांचा अर्थ वेगळा आहे. म्हणूनच व्याकरण तपासताना ही चूक हाती लागत नाही. ती लिहिणाऱ्यालाच शोधावी लागते.

त्या अहवालाच्या निष्कर्षात हेच झालं होतं. तिनं लिहिलं होतं, ‘फार्मर्स प्रिफर कॉटन टू सोयाबीन.’ शेतकरी सोयाबीनपेक्षा कापूस पसंत करतात. मागे-पुढे काहीच नसलेलं अनेकवचन इंग्रजीत सरसकट विधान करतं: शेतकरी म्हणून जे कोणी आहेत ते सगळे. साठ जणांना विचारून एवढं म्हणता येत नाही. परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारेल. ‘द फार्मर्स प्रिफर्ड कॉटन’ लिहिलं की विधान त्या साठ जणांपुरतं राहतं आणि भूतकाळामुळे ते त्या सर्वेक्षणाला बांधलं जातं. मी तिला विचारलं, ‘तुला नक्की कोणते शेतकरी म्हणायचेत?’ ती म्हणाली, ‘मावशी, मी ज्यांना भेटले तेच.’ मग निष्कर्षाच्या दोन पानांत तिनं अकरा ठिकाणी ‘द’ घातला. एक जागा मात्र मुद्दाम तशीच ठेवली: ‘कोरडवाहू शेती पावसावर अवलंबून असते’ हे वाक्य. ते सगळ्यांनाच लागू होतं.