सरांचा सत्कार: एकच लांब मेसेज की तीन छोटे?

आमच्याकडे जुन्या शिक्षकांची जन्मतारीख पुष्कळदा १ जून असते. शाळेत नाव घालताना तीच लिहून टाकायचे. १ तारखेचा जन्म असला की निवृत्ती आदल्या महिन्याच्या अखेरीस, म्हणून ५८ पूर्ण होताना सर ३१ मे रोजी निवृत्त होतात. खानदेशात तो दिवस म्हणजे रखरखतं ऊन, लगीनसराईचा शेवट आणि कपाशीच्या लागवडीची धावपळ. अशा दिवशी माजी विद्यार्थी जमवायचे तर मेसेज कसा लिहिता यावर बरंच अवलंबून असतं. चोपडा तालुक्यातल्या आमच्या शाळेत मी दोन्ही पद्धती वापरून पाहिल्या.

पहिल्यांदा एकच मेसेज केला. त्यात सरांचा परिचय, तारीख, वर्गणी, क्यूआर कोड, ‘ज्यांना मनोगत व्यक्त करायचे आहे त्यांनी नाव द्यावे’ आणि खाली नावांची यादी. व्हॉट्सअ‍ॅपवर लांब मेसेज अर्धाच दिसतो, बाकीचा Read more खाली राहतो. आमची तारीख वर दिसत होती, वेळ आणि ठिकाण खाली दडलं होतं. दहा जणांनी तेच विचारलं. यादीचंही तसंच. प्रत्येकाने ती कॉपी करून खाली आपलं नाव जोडायचं होतं. दोघांनी एकाच वेळी जुनी यादी उचलली की एकाचं नाव गळतं, आणि ज्याचं गळलं त्याला वाटतं की मुद्दाम काढलं.

दुसऱ्या वेळी तीन मेसेज केले आणि ते प्रत्येक बॅचच्या एकेका माणसाकरवी पाठवले. पहिला आखाजीच्या आधी गेला, कारण आखाजीला लेकी माहेरी येतात आणि एरवी कोणत्याच ग्रुपमध्ये नसलेल्या मुलींचे नंबर तेव्हाच मिळतात. त्यात एवढंच होतं:

‘आपले गणिताचे सर ३१ मे रोजी निवृत्त होत आहेत. त्याच दिवशी संध्याकाळी ६ वाजता शाळेच्या पटांगणात सत्कार, नंतर जेवण. येणार असाल तर नाव, दहावीचे वर्ष आणि सोबत किती जण, एवढे कळवा.’

पैशाचा शब्द नव्हता, आणि मला तोच सगळ्यात मोठा फरक वाटतो. हजेरी आणि वर्गणी एकाच मेसेजमध्ये मागितली की ज्याला यंदा पैसे जमणार नाहीत तो ‘येतो’ असंही कळवत नाही, गप्प बसतो. आधी ‘येतो’ म्हटलेला माणूस मात्र येतो. ‘सोबत किती’ हेही विचारायलाच हवं. वरण-बट्टीचा स्वयंपाक आहे, सुरतहून आलेला माणूस बायको-मुलांना घेऊन येतो आणि आचाऱ्याला आकडा आधी लागतो.

वर्गणीचा मेसेज दहा दिवसांनी पाठवला. पहिल्यांदा ५०० रुपये ठरवून मागितले होते, ते काहींना जड गेले आणि काहींना त्याहून जास्त द्यायचे असूनही ते तेवढ्यावरच थांबले. दुसऱ्यांदा ‘स्वेच्छेने’ लिहिलं, पण सोबत खर्चही लिहिला: मंडप, जेवण, शाल-श्रीफळ, मानपत्र, भेट. खर्च दिसला की रक्कम किती द्यावी हे माणूस स्वतः ठरवतो. पैसे भरताना ‘नाव-वर्ष’ लिहा, असंही सांगितलं. बाप मुलाच्या फोनवरून पाठवतो, खात्यावर मुलाचं नाव येतं, आणि पैसे कोणाचे याचा ताळमेळ लागत नाही. देणाऱ्यांच्या यादीत फक्त नावं टाकली, रकमा नाहीत. एकूण जमा आणि एकूण खर्च मात्र सगळ्यांना दाखवला.

वक्त्यांसाठी मेसेज नकोच, हे माझं ठाम मत. खुलं आवाहन केलं तेव्हा नऊ नावं आली. त्यातली बहुतेक भाषणाची सवय असलेल्यांची, आणि दोघांना तर सरांनी कधी शिकवलंही नव्हतं. कार्यक्रम रात्री साडेदहापर्यंत लांबला, सरांना बोलायला दहा मिनिटं उरली. दुसऱ्या वेळी आम्ही चौघांना फोन केले: सगळ्यात जुन्या बॅचमधला एक, माहेरी आलेली एक ताई, गणितात नापास होऊन पुन्हा बसलेला एक, आणि सरांचे एक सहकारी. प्रत्येकाला पाच मिनिटं. तो नापास झालेला दादा म्हणाला, ‘मी येसू, पन माले बोलाले सांगू नका.’ त्याला आठवण लिहून द्यायला सांगितली आणि वर्गमित्राने ती वाचली. तिसरा मेसेज त्यासाठीच होता: बोलायचं नसेल तर चार ओळी लिहून पाठवा, त्या वहीत चिकटवून सरांना देऊ. त्या वहीत सत्तरच्या वर पानं भरली.

तीन मेसेजना कष्ट जास्त पडतात, हे खरं. बॅचचा माणूस ढिला निघाला तर ते पूर्ण वर्ष कोरं राहतं. आमचं एक राहिलं, आणि ते समजलं शेवटच्या आठवड्यात, वर्षवार आकडे मांडल्यावर. म्हणून आकडे दर रविवारी मांडा. एकाच बॅचचा, तीस-चाळीस जणांचा छोटा सत्कार असेल आणि सगळे एकमेकांना ओळखत असतील, तर एकच मेसेज पुरतो, फक्त वेळ आणि ठिकाण पहिल्या दोन ओळींत लिहा. पंचवीस वर्षांच्या बॅचेस एकत्र येणार असतील, तर तीनच करा.