पैसे देऊन दोनदा दुरुस्त केलेला प्रिंटर, तरी फ्युजरची फिल्म परत गेलीच (सर्व्हिस सेंटरला पत्र)

नमस्कार साहेब,

राजारामपुरीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं छोटं दुकान आहे. जानेवारीत तुमच्याकडं लेझर प्रिंटर दिलावता, आता जुलै लागला तरी त्याचं रडगाणं काय संपेना. फोनवर तुमची पोरं "साहेब बाहेर गेलेत" एवढंच सांगत्यात म्हणून सगळं लिहूनच पाठवतोय.

जानेवारीत तक्रार साधी होती. प्रिंट निघायची पण बोट फिरवलं की अक्षरं पुसली जायची. तुम्ही म्हणालात फ्युजरची टेफ्लॉन फिल्म गेलीय, बदलायला लागंल. पटलं मला. कागदावर पावडर नुसती पडलेली असते, ती वितळून बसते फ्युजरमध्ये, वरून हीटरवर फिरणारी पातळ फिल्म आणि खालून रबराचा प्रेशर रोलर, या दोघांच्या मधून कागद दाबून निघतो. 2,400 रुपये दिले. बिलावर काय लिहिलं तर "रिपेअरिंग विथ स्पेअर". कुठला स्पेअर, कंपनीचा का लोकल, त्याची गॅरंटी किती, काहीच नाही. जुना पार्ट मागितला तर म्हणे कचऱ्यात गेला.

महिना-दीड महिना मशीन मस्त चाललं, हे पण खरं. मग डाव्या मार्जिनला काळे ठिपके यायला लागले, एकाखाली एक, अगदी सारख्या अंतरावर. तुमचा टेक्निशियन बघून म्हणाला कार्ट्रिज बदला. कार्ट्रिज नवीनच होतं हो! म्हणून मी त्याच्यासमोरच प्रिंट दिली आणि कागद अर्ध्यात असताना झाकण उघडलं. फ्युजरच्या अलीकडं जो भाग अडकलावता त्यावर पावडर एकदम स्वच्छ, ठिपका नाही, आणि फ्युजरमधून पुढं गेलेल्या भागावर ठिपका. म्हणजे घाण कार्ट्रिज करत नाही, फ्युजर करतोय. तरी तो कार्ट्रिजच म्हणत बसला, मग मी पट्टी लावली. दोन ठिपक्यांत साडेपाच सेंटिमीटरच्या जरा वर अंतर. या मशीनची फिल्म साधारण 18 मिलिमीटर व्यासाची, गुणिले 3.14 केलं की साडेछप्पन मिलिमीटर येतात. कार्ट्रिजमधला ड्रम 24 चा, त्याचा ठिपका असता तर पंच्याहत्तर मिलिमीटरवर आला असता. एवढा हिशोब झाल्यावर गडी मशीन घेऊन गेला.

दुसऱ्यांदा फिल्म बदलली आणि परत 900 रुपये लेबर म्हणून घेतले. तुमच्याच कामाच्या दुरुस्तीला तुम्हीच लेबर लावायचं हे मला अजून कळलेलं नाही, पण ॲडमिशनचा सीझन तोंडावर होता, दुकानात पोरांची रांग, म्हणून गप्प बसलो.

यावेळी तर फिल्म काही आठवडेच टिकली. आधी गरम झाल्यावर करकर आवाज, मग कागद लाटा येऊन बाहेर, मग डाव्या बाजूला पावडर चिकटायचीच बंद. तुम्ही फोनवर सांगितलंत, "कोल्हापूरचा पाऊस, कागद दमट असणार." दमट कागदानं सुरकुत्या पडतात, जॅम होतो, पावडर नीट बसत नाही, सगळं मान्य. पण दमट कागद फक्त डाव्याच कडेला दमट असतो काय? आणि नवीन रीम फोडून काढलेल्या प्रिंटवर पण तेच.

शेवटी शेजारच्या एका रिपेअरवाल्याकडून फ्युजर उघडून घेतला. फिल्म डाव्या कडेला फाटलेली. तिच्या बरोबर खाली प्रेशर रोलरच्या रबराला चीर, बहुतेक कधीतरी पिन गेली असणार. आणि आत हीटरवर ग्रीस जवळजवळ नाहीच. फिल्म हीटरवर सतत घासत फिरते, ग्रीस नसलं की ती ओढ खाते, त्यात खाली कापलेला रोलर, मग नवी फिल्म फाटणार नाही तर काय होणार. तुम्ही दोन्ही वेळा नुसती फिल्म चढवली, रोलर तोच जुना. पहिल्या वेळीच सांगितलं असतं की रोलर पण गेलाय, अजून पैसे लागतील, तर मी दिले असते. फाटलेली फिल्म आणि रोलरचे फोटो माझ्याकडं आहेत, दोन्ही बिलं आहेत, ठिपक्याच्या प्रिंटा पण ठेवल्यात.

आता माझं म्हणणं एवढंच. एकतर फिल्म, प्रेशर रोलर आणि दोन्ही बाजूचे बुश बदलून, ग्रीस लावून द्या, लेबर न घेता, बिलावर एकेका पार्टचं नाव आणि गॅरंटी लिहून, आणि माझ्यासमोर शंभर पानं सलग काढून दाखवा, कारण थंड मशीनवर पाच पानं कुणीपण चांगली काढतो. नाहीतर 3,300 रुपये परत करा, मी दुसरीकडून करून घेतो. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर 1915 या ग्राहक हेल्पलाईनला तक्रार टाकणार आणि तिथंही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज देणार.

मशीन दुकानातच आहे, उघडलेला फ्युजर तसाच ठेवलाय. सकाळी दहानंतर कधीही माणूस पाठवा, येताना रोलर घेऊनच पाठवा.