नोटिफिकेशनमधूनच उत्तर आणि तरंगते बबल: काही महिने वापरल्यावर

ॲप न उघडता मेसेजला उत्तर द्यायच्या दोन वाटा अँड्रॉइडमध्ये आहेत. एक म्हणजे वरची पट्टी खाली ओढायची आणि नोटिफिकेशनमधलंच 'Reply' दाबून लिहायचं. ही सोय २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून आहे. दुसरी म्हणजे स्क्रीनच्या कडेला चिकटून राहणारा गोल बबल, जो २०२० मध्ये अँड्रॉइड ११ सोबत सर्वांच्या हाती आला. दोन्ही मी रोज वापरते. दोन्हींचं काम एकच असल्यासारखं वाटतं, पण तसं ते नाही.

आधी पट्टीबद्दल, कारण गोंधळ तिथेच जास्त होतो.

उत्तर लिहून पाठवलं की नोटिफिकेशनमध्ये एक छोटं चक्र फिरतं आणि मग आपली ओळ समोरच्याच्या मेसेजखाली दिसू लागते. बहुतेक जण इथे 'गेला मेसेज' म्हणून पट्टी बंद करतात. प्रत्यक्षात घडलेलं इतकंच असतं: सिस्टिमने आपला मजकूर ॲपच्या हवाली केला, आणि ॲपने तो मिळाल्याची खूण म्हणून नोटिफिकेशन नव्याने दाखवलं. पुढे नेटवर्कवरून तो पाठवणं हे ॲपचं काम, आणि ते झालं की नाही हे या पट्टीत कळत नाही. पडताळून पाहायचं असेल तर एखादा मेसेज आल्यावर विमान मोड चालू करा आणि पट्टीतूनच उत्तर द्या. बहुतेक ॲप्समध्ये चक्र थांबतं, आपली ओळही दिसते. मग ॲप उघडलं की त्याच ओळीशेजारी घड्याळाची किंवा 'पाठवतोय' अशी खूण असते. म्हणून नेटवर्क येत-जात असेल आणि उत्तर महत्त्वाचं असेल, तर मी एकदा ॲपमध्ये डोकावतेच.

याच्या उलट प्रकारही होतो: चक्र फिरतच राहतं. ॲपने उत्तर घेतल्यानंतर नोटिफिकेशन नव्याने दाखवलं नाही की असं होतं. कधी ती ॲपमधलीच चूक असते, तर कधी फोनच्या बॅटरी बचतीने ॲपला मागे काम करायला मनाई केलेली असते. अशा वेळी तेच उत्तर पुन्हा टाइप करायची घाई करू नये. पहिलं रांगेत असेल तर समोरच्याला दोनदा जातं. ॲप उघडून आधी बघावं. वारंवार होत असेल तर ॲपवर बोट दाबून धरून 'App info' मध्ये जावं आणि बॅटरीच्या पर्यायात 'Restricted' निवडलेलं आहे का ते पाहावं. माझ्या एका ॲपला तेच लागलेलं होतं. ते बदलल्यावर चक्र अडकणं थांबलं.

पट्टीची दुसरी मर्यादा दिसण्याची आहे. नोटिफिकेशन पूर्ण उघडलं तरी त्यात शेवटचे थोडे मेसेज दिसतात आणि लांब मेसेज मध्येच कापला जातो. 'उद्याची वेळ बदलायची का?' असं वाचून आपण 'हो' म्हणावं आणि कापलेल्या भागात 'की रद्दच करायचं?' असं असावं, हे सहज घडू शकतं. ग्रुपमध्ये तर आणखी अडचण. पट्टीतून दिलेलं उत्तर सरळ ग्रुपमध्ये पडतं, ते कुणाच्या कोणत्या मेसेजला आहे हे जोडता येत नाही. पाच जण एकदम बोलत असताना नुसतं 'चालेल' पाठवण्यात काही अर्थ नाही. आणि खाली 'ठीक आहे' वगैरे तयार उत्तरं येतात, त्यांवर बोट लागलं की बहुतेक वेळा ती थेट जातात, मध्ये विचारणा होत नाही. ती सुचवणी नोटिफिकेशनच्या सेटिंगमधून मी बंद करून टाकली.

तर पट्टी एका ओळीच्या, एकाच माणसाच्या प्रश्नासाठी. त्यात मात्र ती फार छान आहे. हातातलं काम सुटत नाही.

बबलचा उपयोग वेगळा, आणि तो मला उशिरा पटला. सुरुवातीला मी एका ॲपला 'All conversations can bubble' दिलं होतं. कडेला एकावर एक चेहरे जमले, आणि प्रत्येक नव्या मेसेजला वरचा चेहरा बदलायचा. नजर सारखी तिकडेच. आता 'Selected conversations can bubble' ठेवलंय आणि ज्याच्याशी त्या दिवशी सतत बोलायचं आहे तेवढ्याच गप्पांचा बबल करते. त्यासाठी नोटिफिकेशनच्या खालच्या कोपऱ्यातली छोटी बबलची खूण दाबली की झालं. ती खूण दिसतच नसेल तर आधी फोनच्या नोटिफिकेशन सेटिंगमध्ये 'Bubbles' चालू आहे का बघा. चालू असूनही दिसत नसेल तर त्या ॲपने बबलची सोयच केलेली नाही असं समजा, मग इतर काही खटपट करण्यात वेळ घालवू नका.

उदाहरण सांगते. मी फोनवर एका अंकाची प्रुफं वाचते आणि मांडणी करणारी सहकारी त्याच वेळी एकेक शंका विचारत असते: हे शीर्षक दोन ओळींत तोडू का, तळटीप पुढच्या पानावर गेली तर चालेल का. पट्टीतून हे जमत नाही, कारण तिचा आधीचा प्रश्न तोवर वर सरकून गेलेला असतो आणि ती पानाचा फोटो पाठवते तो मोठा करून बघता येत नाही. बबल दाबला की त्या गप्पांचा पूर्ण स्क्रीन उघडतो, मागचं सगळं वाचता येतं, विशिष्ट मेसेजला धरून उत्तर देता येतं. बाहेर दाबलं की तो मिटतो आणि प्रूफ जिथे होतं तिथेच असतं. अर्धवट लिहिलेलं उत्तरही ॲपच्या मसुद्यात राहतं. पट्टीत तसं नाही: तेच मेसेज आपण संगणकावर वाचले आणि नोटिफिकेशन निघून गेलं, तर त्यातलं अर्धं वाक्यही गेलं.

मात्र एक भान ठेवायचं. बबल उघडणं म्हणजे त्या गप्पा उघडणंच. 'वाचलं' ही खूण समोरच्याला तशीच जाते. गुपचूप वाचायला बबल उपयोगाचा नाही.

काम संपलं की बबल ओढून खाली येणाऱ्या फुलीवर सोडायचा. याने गप्पा पुसल्या जात नाहीत आणि पुढचा मेसेज आला की तो परत उगवतो. तो नकोच असेल तर बबल उघडून 'Manage' मधून 'Don't bubble conversation' निवडावं लागतं. हा फरक माहीत नसल्यामुळे 'बबल बंदच होत नाही' अशी तक्रार मी बऱ्याच जणांकडून ऐकलीय.

त्रास एवढाच उरला की आडव्या स्क्रीनवर व्हिडिओ बघताना बबल नेमका बटणांवर बसतो आणि दर वेळी बाजूला सरकवावा लागतो. आणि कमी रॅमच्या फोनसाठी जी हलकी अँड्रॉइड असते, तिच्यात बबल येतच नाहीत. तसा फोन हातात असेल तर पट्टीवरच भागवावं लागेल.