एका मोटरचा हात: गुरुत्व खोडून काढायचं की एका कोनापुरतं सरळ धरायचं?

सांध्यावर एक मोटर, 0.5 मीटरचा हलका दांडा, टोकाला 1 किलोचं वजन. हात सरळ खाली लोंबत असताना θ शून्य धरू. घर्षण बाजूला ठेवलं तर:

```
0.25 α + 4.905 sin θ = u
```

α म्हणजे कोनीय त्वरण, u म्हणजे मोटरचा टॉर्क. सगळी वाकडी वाट त्या sin θ मुळे आहे.

एका कोनाभोवती रेषीयकरण. 90° वर sin चा उतार शून्य असतो, म्हणून तिथे गुरुत्वाऐवजी 4.905 हा स्थिर टॉर्क द्यायचा आणि त्यावर साधा पीडी कंट्रोलर, म्हणजे कोनातली चूक आणि वेग यांच्या प्रमाणात टॉर्क देणारा, बसवायचा. 90° जवळ हे उत्तम चालतं. पण त्याच कंट्रोलरला 30° सांगा. तिथे गरज असते 2.45 न्यूटन-मीटरची, मिळतात 4.905, आणि पीडीसाठी खालच्याच सूत्रातला 0.25 v ठेवला तर हात सुमारे 44° वर जाऊन थांबतो.

फीडबॅक लिनिअरायझेशन. इथे एन्कोडरचा कोन वाचून गुरुत्व प्रत्येक क्षणी खोडलं जातं:

```
u = 4.905 sin θ + 0.25 v
v = 25(θd − θ) − 10 ω
```

θd हवा तो कोन, ω वेग, कोन रेडियनमध्ये. उरतं फक्त α = v, दोन्ही पोल −5 वर, म्हणजे हात न हेलकावता लक्ष्यावर येऊन थांबतो. 30° असो की 150°, हाताची चाल सारखीच. रोबोटवाले यालाच कंप्युटेड टॉर्क म्हणतात.

आता खोट. टोकाला 1.2 किलो लटकवलं आणि सूत्रात 1 च राहिला, तर 90° सांगूनही हात 81° वर झुकतो. हा दोष एकट्या या पद्धतीचा नाही, पहिलीही जवळपास तिथेच झुकते. साचत गेलेल्या चुकीप्रमाणे टॉर्क वाढवणारा इंटिग्रल जोडला की दोन्हींचा झोल निघतो. मला जास्त धास्ती मोटरच्या मर्यादेची वाटते. 0 वरून 90° सांगताच हे सूत्र 9.8 न्यूटन-मीटर मागतं (पहिली पद्धत तर 14.7). मोटर 6 चीच असेल तर टॉर्क कापला जातो आणि तेवढा वेळ α = v हे खरं राहत नाही. त्यामुळे लक्ष्य एकदम न बदलता हळूहळू सरकवावं.

शिवाय खोडण्याचा हव्यास नको. हाताऐवजी दुसरी एक प्रणाली घ्या: ẋ = −x³ + u, इथे ẋ म्हणजे x बदलण्याचा वेग आणि u म्हणजे इनपुट. यात −x³ स्वतःच x ला शून्याकडे ओढतो. x = 10 असताना तो खोडायला 1000 एवढा इनपुट वाया जाईल.

एकाच कोनावर काम असेल तर पहिली पद्धत पुरे. कोन बदलत असतील आणि मोटरला दम असेल तर मी दुसरी घेईन, पण आधी एक मोजणी करून. पाच-सहा कोनांवर हात थांबवून टॉर्क नोंदवा. प्रत्येक कोनावर एकदा वरून, एकदा खालून हळू या आणि सरासरी घ्या, म्हणजे घर्षण बरंचसं वजा होतं. मग sin θ विरुद्ध टॉर्क मांडा. बिंदू एका रेषेत आले तर तिचा उतार 4.905 च्या जागी घाला. रेष शून्यातून जात नसेल, तर आधी एन्कोडरचं शून्य तपासा.