आकाशातले ठिपके आणि लाइटरूम: आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझा स्टुडिओ यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात आहे. साक्षगंध, लग्न, प्री-वेडिंग, बारसं, जे येईल ते काम घेतो. मागच्या नोव्हेंबरात एका जोडप्याचे फोटो पऱ्हाटीच्या वावरात काढले. बोंडं फुटलेली, वर निळंशार आकाश, फोटो मस्तच आले होते. त्यातला एक १२ बाय १८ चा मोठा करून फ्रेममध्ये लावून दिला. मुलीच्या वडिलांनी चष्मा वर केला, फोटोजवळ गेले आणि म्हणाले, "भाऊ, पोरीच्या डोक्यावर हे काय कावळे उडून राह्यले?"

"काकाजी, लांबचे पक्षी असतील," मी म्हणालो. घरी येऊन मोजले तर चौदा ठिपके निघाले. सगळे गोल, करडे, आणि दुसऱ्या फोटोतही अगदी त्याच जागी. असे शिस्तीचे कावळे आमच्याकडे नाहीत.

ती कॅमेऱ्याच्या सेन्सरवरची धूळ होती. तोवर मी असे ठिपके फोटोशॉपमध्ये एकेका फोटोत हाताने पुसायचो, दिसले तर. त्या दिवसापासून हे काम पूर्णपणे लाइटरूम क्लासिक या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतलं. आठ महिने झाले, आता लिहायला हरकत नाही.

आधी हे ठिपके मलाच का छळतात ते सांगतो. दुपारच्या उन्हात चेहऱ्यावर फ्लॅश मारायचा आणि आकाश गडद ठेवायचं, तर साध्या फ्लॅशला शटर सिंक वेगाच्या, म्हणजे फ्लॅश आणि शटर जुळतात त्या कमाल वेगाच्या, वर नेता येत नाही. माझ्या कॅमेऱ्यात तो १/२०० आहे. आयएसओ १०० वर कडक उन्हाचं एक्स्पोजर मग f/११ ला जाऊन बसतं. धूळ सेन्सरवर थेट नसते, सेन्सरसमोरच्या काचेच्या फिल्टरवर असते, म्हणजे पिक्सेलपासून थोडी वर. f/११ ला लेन्सचं भोक लहान असतं, तेव्हा प्रकाशाची किरणं बारीक सुळक्यात येतात आणि कणाची सावली ठसठशीत पडते. f/२.८ वर तोच कण तिथेच असतो, पण रुंद सुळक्यात त्याची सावली विरून जाते. म्हणून हॉलमधल्या लग्नाच्या फोटोंत एकही डाग नसतो, आणि वावरात गेलं की आकाशाला देवी आल्यासारखं दिसतं. त्यात सोयाबीनची मळणी, कच्चे रस्ते आणि वेचणीच्या दिवसांत हवेत उडणारे कापसाचे तंतू. माझ्या सेन्सरवरचा एक डाग गोल नव्हताच, वळलेल्या केसासारखा होता. तो कापसाचा धागा होता.

आता वापर. Develop मध्ये Q दाबलं की ठिपके काढायचं साधन उघडतं. त्यात Remove, Heal आणि Clone असे तीन प्रकार आहेत. मोकळ्या आकाशासाठी मी Heal च वापरतो. मग A दाबायचं, म्हणजे Visualize Spots चालू होतं. सगळा फोटो काळा-पांढरा होतो, त्यात फक्त कडा उरतात आणि धुळीचा प्रत्येक कण पांढऱ्या कड्यासारखा चमकतो. खालची पट्टी डावी-उजवी सरकवून आकाशाचा रवाळपणा नाहीसा होईल पण कडी राहतील, अशा जागी थांबवायची. पहिल्यांदा हे केलं तेव्हा त्या चौदाचे बावीस झाले. उरलेले आठ नुसत्या डोळ्यांना दिसतच नव्हते.

वर्तुळ डागापेक्षा साधारण दीडपट ठेवतो. फार मोठं घेतलं तर आकाशाचा उतरता रंग त्या जागी सपाट होतो आणि प्रिंटमध्ये टिकली चिकटवल्यासारखी जागा दिसते. फोटो १०० टक्क्यांवर नेऊन Page Down दाबत जायचं. आधी वरून खाली, मग पुढच्या रांगेत असं साधन आपणच नेतं. ज्वारीच्या ओळी खुरपाव्यात तसं, एकही तास सुटत नाही.

खरी बचत पुढच्या पायरीत झाली. धूळ सेन्सरवर आहे म्हणजे एका शूटच्या सगळ्या फोटोंत ती त्याच जागी असणार. फेब्रुवारीतल्या एका प्री-वेडिंगमध्ये निवडलेले १८६ फोटो होते, त्यांपैकी मोकळ्या आकाशाचे ६४. ज्यात आकाश सर्वांत जास्त आणि माणसं कोपऱ्यात होती असा एक फोटो घेतला, त्यात सतरा ठिपके काढले, बाकी फोटो निवडून Sync मध्ये फक्त डाग काढण्याच्या चौकोनात खूण ठेवली आणि तेच बदल सगळ्यांना पाठवून दिले. पूर्वी प्रत्येक फोटोला तीन-चार मिनिटं जायची. आता पहिल्याला दहा मिनिटं आणि उरलेल्या सगळ्यांची नजरेखालून फेरी, तीही पाऊण तासात. एक बारीक गोष्ट उशिरा कळली: वर्तुळाचा उगम, म्हणजे रंग जिथून घेतला जातो ती जागा, मी हाताने ओढली नसेल, तर Sync नंतर प्रत्येक फोटोत साधन आपला उगम नव्याने शोधतं. ओढली असेल तर तीच जागा सगळीकडे कायम राहते आणि पुढच्या फोटोत तिथे नवरदेवाचा फेटा असू शकतो. म्हणून मूळ फोटोत मी उगमाला हात लावत नाही.

तरीही माझी फजिती झालीच. त्याच शूटमध्ये मुलगी पुढच्या फोटोत दोन पावलं डावीकडे सरकली होती. जिथे आधी आकाश होतं तिथे आता तिचं कपाळ होतं, आणि वर्तुळाने प्रामाणिकपणे काम केलं. अल्बम दाखवायला गेलो तर ती म्हणाली, "दादा, माही टिकली कुठं गेली?" चंद्रकोर पूर्ण गायब, कपाळ गुळगुळीत. आईला वाटलं पोरगी टिकली लावायचीच विसरली. तिथपासून माझा नियम असा: Sync झाल्यावर H दाबून वर्तुळं दाखवायची आणि एकेका फोटोवर फक्त एवढंच बघायचं की कुठलं वर्तुळ माणसाच्या अंगावर पडलंय का. पडलं असेल तर निवडून Delete. अंगावर धूळ असली तरी कपड्यांच्या नक्षीत, केसांत ती दिसतच नाही. उभे आणि आडवे फोटोही मी वेगळे Sync करतो, कारण कॅमेरा फिरवला की डोकं कुठल्या कुठे जातं.

जिथे Heal पाठ फिरवतं ती जागा म्हणजे केसांची आणि खांद्याची कड. Heal डागाच्या भोवतीचा रंग मिसळून जागा भरतं. वर्तुळाच्या परिघात एक बटही आली की काळा रंग आत ओढला जातो आणि करड्या ठिपक्याऐवजी काळपट धब्बा तयार होतो. तिथे मी Clone वर जातो, वर्तुळ डागाएवढंच, कड थोडी कडक, आणि उगम त्याच उंचीवर बाजूला. वरती-खालती घेतला तर जमत नाही, कारण आकाश क्षितिजाकडे फिकट होत जातं आणि Clone रंग जुळवून घेत नाही. उडणाऱ्या केसांच्या आत डाग असेल तर मी सरळ सोडून देतो. तो कुणालाही दिसत नाही.

एक सावधगिरी. Visualize Spots ला डाग आणि पक्षी यांतला फरक कळत नाही. बगळ्यांची एक रांग मी उत्साहात साफ केली होती, नंतर नवऱ्या मुलानेच विचारलं, "भाऊ, बगळे होते ना त्यात?" सुदैवाने मूळ फोटोला काही होत नाही, वर्तुळं काढली की बगळे परत. आता दोन फोटो शेजारी ठेवून बघतो. जागा बदलली तर जिवंत, नाही बदलली तर धूळ.

लेन्सवरच्या डागांचं मात्र वेगळंच आहे, आणि इथे हे साधन मला कमी पडलं. पुढच्या काचेवर बोटाचा ठसा किंवा पावसाचा वाळलेला थेंब असेल तर सहसा ठिपका दिसत नाही, नुसता फोटो धुरकट होतो. पण मे महिन्यात सांजच्याला, सूर्य समोर घेऊन, रुंद लेन्सवर f/११ ला काढलेल्या फोटोंत मुलाच्या खांद्यामागे फिकट, मोठे, मऊ गोल आले. लेन्स बदलली की गेले, झूम हलवला की आकार बदलला, म्हणजे सेन्सर निर्दोष. Visualize Spots मध्ये ते दिसतच नाहीत, कारण ते कडा शोधतं आणि या डागांना कड नसते. फोटो लहान करून लांबून बघितलं तरच कळतं. त्यावर Heal लावलं तर अर्धा गोल आकाशात, अर्धा खांद्यावर, आणि मधे शिवण दिसते.

त्यावर शेवटी काम झालं ते गोल मास्कने. Radial Gradient गोलावर ठेवला, कड पूर्ण मऊ, धुरकटपणा कमी करणारं Dehaze +८, Exposure −०.१०. एका गोलाला पुरलं, दुसऱ्याला Dehaze +१२ पर्यंत न्यावं लागलं. त्याहून पुढे गेलो तर आकाशात निळा धब्बा उमटतो. असे गोल Sync करून काही उपयोग नाही, सूर्याचा कोन बदलला की तेही सरकतात. अकरा फोटोंना अख्खी दुपार गेली. मायक्रोफायबरचा रुमाल बॅगेत होता, काढायचा आळस केला होता.

क्रमाबद्दल एक अनुभव. आकाश गडद करायच्या आधी ठिपके काढले आणि नंतर Dehaze ओढलं, तर पुसट होते तेही उठून येतात. म्हणून आता रंग-उजेड आधी आणि ठिपके नंतर. जुन्या लॅपटॉपवर वीस-पंचवीस वर्तुळांनंतर सरकवणं जड होतं, ते सहन करतो.

यातलं निम्मं काम आता बाहेरच संपतं. रबरी ब्लोअर घेतला, तोंडाने फुंकायचं बंद केलं, कारण थुंकीचा थेंब धुळीपेक्षा वाईट. लेन्स गाडीच्या काचा लावून, कॅमेऱ्याचं तोंड खाली करून बदलतो. शूटच्या आदल्या संध्याकाळी पांढऱ्या भिंतीचा f/१६ वर, फोकस बिघडवून, हात हलवत एक फोटो काढतो आणि त्याच Visualize Spots मध्ये बघतो. फोटोत डाग वर डावीकडे असेल तर कॅमेऱ्याच्या पुढून बघताना सेन्सरवर तो खाली डावीकडे असतो, तिथेच हवा मारायची. बॅटरी भरलेली हवी, आरसा किंवा शटर मधेच पडू नये म्हणून. तो कापसाचा धागा तिसऱ्या फुंकेला गेला. दोन ठिपके मात्र ब्लोअरला दाद देत नाहीत, तेलकट असावेत. ओल्या स्वॅबने पुसायचं धाडस अजून केलेलं नाही, त्यामुळे ते दोघे अजूनही माझ्या प्रत्येक आकाशात असतात.