सिझर लिफ्टचा जोर काढायचा: भुजा सुट्या करून की आभासी कार्याने?

समजा, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी तुम्हाला सिझर लिफ्ट बनवायची आहे. काम साधंच, गठ्ठे टेम्पोच्या फाळक्याच्या उंचीला न्यायचे. भुजा दोन, प्रत्येकी 1 मीटर, मधोमध पिनने जोडलेल्या. डावीकडची दोन्ही टोकं पिनवर, उजवीकडची दोन्ही रोलरवर. खालचा रोलर स्क्रूने डावीकडे ओढला की वरचा प्लॅटफॉर्म उचलला जातो. भार 4000 न्यूटन, म्हणजे साधारण 400 किलो. स्क्रूला किती जोर लागेल?

कॉलेजात आधी शिकवतात तो रस्ता म्हणजे प्रत्येक भाग सुटा करून त्याचा फ्री बॉडी डायग्राम काढणं. इथे भाग तीन: प्लॅटफॉर्म आणि दोन भुजा. प्रत्येकाची तीन समीकरणं, म्हणजे एकूण नऊ. अज्ञातंही नऊच, म्हणून उत्तर नक्की मिळतं. पण हवं असतं एकच, आणि त्यासाठी उरलेल्या आठांची ओझी वाहावी लागतात. चिन्हं चुकतात ती बहुतेक मधल्या पिनवर: एका भुजेवर बल उजवीकडे दाखवलं, तर दुसरीवर ते डावीकडेच दाखवायला हवं, आणि परीक्षेच्या घाईत तेच राहून जातं.

आभासी कार्यात जोडणी अखंडच ठेवायची, ती किंचित हलली असं मानायचं आणि त्या हालचालीत सगळ्या बलांचं एकूण कार्य शून्य धरायचं. भुजेची लांबी L, तिचा जमिनीशी कोन θ. खालच्या दोन टोकांमधलं अंतर x = L cos θ, प्लॅटफॉर्मची उंची y = L sin θ. आता कोन किंचित वाढला अशी कल्पना करा:

δx = −L sin θ δθ
δy = L cos θ δθ

पिनांवरच्या आणि जमिनीच्या प्रतिक्रिया काहीच कार्य करत नाहीत. कार्य करतात फक्त स्क्रूचा जोर P आणि भार W:

P (−δx) − W δy = 0, म्हणून P = W cot θ

30 अंशांवर जोर सुमारे 6930 न्यूटन, 10 अंशांवर तोच सुमारे 22,700. स्क्रू निवडायचा तो सगळ्यात खालच्या स्थितीवरून, हे दोन ओळींत कळलं. उत्तरात cot ऐवजी tan आला, तर x आणि y यांची अदलाबदल झाली आहे असं समजा: लिफ्ट जवळजवळ आडवी असताना जोर प्रचंडच लागायला हवा.

गठ्ठा प्लॅटफॉर्मवर कुठे ठेवला, हे आपण विचारलंच नाही! प्लॅटफॉर्म आडवाच वर जातो, त्यामुळे भार कुठेही असला तरी तो δy एवढाच चढतो. सुट्या भागांच्या पद्धतीत ते अंतर शेवटपर्यंत सोबत न्यावं लागतं आणि अखेरीस ते कटून जातं. माझ्या मते या लिफ्टसाठी आभासी कार्य घ्यायचं मोठं कारण हेच. भुजांचं वजन धरायचं असेल तर तेही सोपं आहे. त्यांचे मध्यबिंदू y/2 उंचीवर असतात, म्हणून दोन्ही भुजांच्या एकूण वजनाचा निम्माच भाग W मध्ये मिळवायचा. प्लॅटफॉर्मचं वजन मात्र पूर्ण.

मधल्या पिनचा व्यास ठरवायला मात्र हे पुरत नाही. तिथलं बल अंतर्गत असल्यामुळे ते समीकरणात येतच नाही. अशा वेळी एकच भुजा सुटी करा, खाली स्क्रूने ओढली जाणारी. P आधीच हातात आहे, त्यामुळे तिच्या आडव्या समतोलावरून पिनवरचं आडवं बल P एवढंच निघतं. भार मधोमध असेल तर उभं बल शून्य. तोच गठ्ठा डाव्या कडेला, तिथल्या पिनच्या बरोबर वर सरकवला, तर मधल्या पिनवरचं उभं बल पूर्ण 4000 न्यूटन होतं आणि 30 अंशांवर तिच्यावर एकूण 8000 न्यूटन येतात. म्हणजे स्क्रूला गठ्ठ्याच्या जागेशी देणंघेणं नाही, मधल्या पिनला मात्र आहे. पिनचा हिशोब भार कडेला धरूनच करा.

घर्षणाचा विचार आधी करा, कारण निवड तिथेच फिरते. रोलर चांगले असतील तर वरचं सूत्र चालतं. खर्च वाचवायला रोलरऐवजी सरकपट्ट्या घातल्या आणि घर्षणगुणांक 0.2 धरला, तर घर्षणाचं कार्य मांडायला पट्टीवरची लंब प्रतिक्रिया लागते आणि ती समतोलाच्या समीकरणांतूनच काढावी लागते. भार मधोमध असताना खाली आणि वर प्रत्येकी 2000 न्यूटन, म्हणून घर्षण 400 आणि 400. दोन्ही पट्ट्या δx एवढ्याच सरकतात, त्यामुळे उचलताना P सरळ 800 न्यूटनांनी वाढतो. पण गठ्ठा उजव्या कडेला, पट्टीच्या बरोबर वर गेला की दोन्ही प्रतिक्रिया 4000 होतात आणि वाढ 1600 वर जाते. इथे स्क्रूलाही गठ्ठ्याची जागा विचारावी लागते.